डाळीच्या डब्यामागच्या ४२ गोळ्या

*ताई, मला पाचवा महिना चालू आहे. महिन्यापूर्वी रक्त १०.४ निघालं म्हणून सिस्टरांनी लोहाच्या ६० लाल गोळ्या दिल्या, सकाळ-संध्याकाळ एकेक. नऊ दिवस घेतल्या. मग तीन-तीन दिवस संडासला होईना, आणि झाली की काळीकुट्ट. सासूबाई म्हणाल्या, गोळ्या उष्ण पडल्या, बंद कर, पोरही काळं होईल. मी बंद केल्या. आशाताईंना मात्र ‘घेते’ असंच सांगते. उरलेल्या ४२ डाळीच्या डब्यामागे सरकवून ठेवल्यात, कारण जावेचा दोन वर्षांचा मुलगा सगळीकडे हात घालतो. येत्या बुधवारी सिस्टर पुन्हा रक्त तपासणार. तोवर रोज चार-चार घेऊन भरून काढू का? कॅल्शियम चालू आहे. ते आणि या गोळ्या मी चहाबरोबरच घ्यायचे.*
*— एक वाचक, सांगोला तालुका*

अगं, आधी उठ आणि त्या पट्ट्या डाळीच्या डब्यामागून काढ. बाकीचं नंतर वाच. लाल, गुळगुळीत, वरून साखरेचं आवरण, म्हणजे दोन वर्षांच्या पोरासाठी ती किराणा दुकानातली गोड गोळीच. तुला एक गोळी औषध आहे, पण त्याच्या एवढ्याशा अंगाला मूठभर गोळ्या विषासारख्या. अशी पोरं आधी उलट्या करतात, मग काही तास बरी दिसतात, घरचे म्हणतात निवळलं, आणि नंतर एकदम ढासळतात. गिळल्याची नुसती शंका आली तरी रिकामी पट्टी हातात घेऊन थेट दवाखान्यात पळायचं, ‘बघू सकाळी’ नाही. गोळ्या कुलपाच्या कपाटात ठेव, नाहीतर त्याचा हात पोचणार नाही अशा उंच फळीवर, झाकणाच्या डब्यात.

पत्रात बुधवार लिहिला होतास म्हणून तुझं उत्तर तुला आधीच पाठवलंय. इथे छापतेय ते तुझ्यासारख्या बाकीच्यांसाठी. आणि अशा पुष्कळ आहेत. मी उपकेंद्रावर सिस्टर म्हणून नोकरी केली, तेव्हा माझ्या यादीतल्या गोळ्या कोणाच्या पोटात जायच्या आणि कोणाच्या पत्र्याच्या पेटीत, हे मला यादीवरून कधीच कळलं नाही.

तर चार-चार घेण्याचं. नको. चार नको, तीनही नको. राहिलेल्या गोळ्या ही उधारी नाही, सावकाराला फेडायला. गोळी राहिली ती राहिली, तिथून पुढे चालायचं.

का ते सांगते, कारण नुसतं ‘नको’ म्हटलं की मन ऐकत नाही. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. त्यातलं थोडंसंच आतड्यातून रक्तात जातं, बरंचसं तसंच पुढे सरकतं. किती आत घ्यायचं हे शरीर ठरवतं. गोळी पोटात गेली की यकृत हेप्सिडिन नावाचा एक रस रक्तात सोडतं आणि तो साधारण दिवसभर आतड्याचं दार अर्धवट लोटून धरतो. म्हणून एकदम चार गोळ्या घेतल्यास तर चौपट लोह रक्तात जाणार नाही. एका गोळीपेक्षा जास्त जाईल, पण चौपटीपेक्षा बरंच कमी, आणि राहिलेलं सगळं आतड्यात पडून राहील. तिथे ते काय करतं ते तू नऊ दिवसांत पाहिलंस: मळमळ, पोटात गुबारा, आणि शौच दगडासारखी. चार दिवस चार-चार घेतल्यास तर बुधवारी रक्त वाढलेलं नसेल, पण तू मात्र गोळीचं नावही काढू देणार नाहीस.

एखाद दिवशी विसरलीस तर नियम एवढाच. त्याच दिवशी आठवलं तर आठवेल तेव्हा घे. दुसऱ्या दिवशी आठवलं तर कालची सोडून दे, आजची नेहमीसारखी घे. इथे एक घोटाळा होतो तो सांगून टाकते. तुला सिस्टरांनी दोन सांगितल्यात, त्या राहिलेल्या भरायला नाहीत. रक्त ११ च्या वर असलेल्या गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी असते. ११ च्या खाली गेलं की उपचार म्हणून रोज दोन. तू १०.४ वर आहेस म्हणून दोन. शेजारची एक घेते आणि मला दोन का, म्हणून कोणी पोटात गोळा आणू नये, आणि एकीचं बघून दुसरीने आपल्या गोळ्या बदलू नयेत.

आता काळी शौच. तू घाबरलीस त्यात नवल नाही, सांगितलं कोणी नव्हतं. खरं तर गोळ्यांची पट्टी हातात देतानाच हे वाक्य सांगायचं असतं, आणि गर्दीच्या दिवशी नेमकं तेच राहून जातं. माझंही राहिलेलं आहे. जे लोह रक्तात गेलं नाही ते शौचेवाटे बाहेर पडतं आणि त्याने रंग काळा किंवा काळपट हिरवा होतो. एवढंच. तू गोळ्या बंद केल्यास तेव्हा काही दिवसांत रंग पूर्वीसारखा झाला असणार, आठवून बघ. मात्र याचा उलटा अर्थही काढू नकोस. काही जणी म्हणतात, काळी झाली म्हणजे गोळी लागू पडली. तसं नाही. काळा रंग म्हणजे गोळी पोटात गेल्याची खूण, रक्तात गेल्याची नव्हे.

एक काळेपणा मात्र वेगळा असतो, तो ओळखता यायला हवा. जठरात रक्तस्राव झाला तरी शौच काळी होते. ती डांबरासारखी असते: चकचकीत, चिकट, पातळसर, पाणी टाकलं तरी भांड्याला चिकटून राहणारी, आणि तिला एक सडका, उग्र वास येतो, नेहमीचा नव्हे. सोबत चक्कर, घाम, छातीत धडधड, कधी कॉफीच्या गाळासारखी उलटी. गोळ्यांची शौच काळी असली तरी बांधीव असते आणि वास नेहमीचाच असतो. तुझं वर्णन, तीन दिवसांनी होणारी, कडक, काळी, हे गोळ्यांच्या काळ्या शौचेतच बसतं. डांबरासारखी झाली, किंवा गोळ्या बंद असतानाही काळी राहिली, तर बुधवारची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. आणि कुंथून झाल्यावर वरून ताजं लाल रक्त लागलं तर बहुधा ते गुदद्वाराच्या चिरेचं किंवा मूळव्याधीचं असतं. घाबरायचं नाही, पण लाजून लपवायचंही नाही, सिस्टरांना सांगायचं. आधीच रक्त कमी, त्यात थोडं-थोडं वाहून जाणं बरं नव्हे.

सासूबाईंच्या म्हणण्याचं एक सांगू? ‘उष्ण पडतं’ म्हणजे त्या काय बघून बोलतात ते मला कळतं. पोट कडक होतं, तोंडाला चव राहत नाही, छातीत जळजळतं. हे त्यांनी तुझ्यात पाहिलंय, खोटं नाही. चूक आहे ती फक्त उपायात. पोराच्या रंगाची गोष्ट मात्र निव्वळ शौचेच्या रंगावरून निघाली आहे. कातडीचा रंग आईबापांकडून येतो, गोळीचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्यांच्याशी वाद घालू नकोस. शौच का काळी होते तेवढं वरचं वाचून दाखव. नाहीतर बुधवारी त्यांनाच सोबत ने. सुनेला सांगितलेलं आणि सिस्टरांनी समोर बसून सासूला सांगितलेलं, यात फरक पडतो. मी पाहिलाय.

आता मुख्य अडचण, पोट. त्याचा दोष सगळा गोळीवर टाकू नकोस. गरोदरपणात शरीरात जो प्रोजेस्टेरॉन वाढतो, त्याने आतडी आधीच सुस्तावतात, अन्न हळू सरकतं, त्यातलं पाणी जास्त शोषलं जातं. पुढच्या महिन्यांत वाढलेलं गर्भाशय वरून दाबतं. म्हणजे रस्ता आधीच चिंचोळा, त्यात लोहाची गाडी. आणि तू ती गाडी चहाबरोबर पाठवलीस, सोबत कॅल्शियमही. चहातला तुरटपणा लोहाला धरून ठेवतो, कॅल्शियम त्याच्याशी दारातच भांडतं. म्हणजे रक्तात जायला हवं होतं तेवढंही गेलं नाही, सगळं पुढे ढकललं गेलं. नऊ दिवस तू गोळीचा त्रास पुरेपूर सोसलास आणि फायदा मात्र थोडाच घेतलास. मला तुझ्या पत्रात सगळ्यात वाईट याचंच वाटलं.

दिवस असा लाव. सकाळचा चहा-नाश्ता आठच्या सुमारास होत असेल असं धरते. पहिली लाल गोळी त्यानंतर दोन-अडीच तासांनी, म्हणजे दहा-साडेदहाला, पोट जरा मोकळं असताना. सोबत साधं पाणी, त्यात अर्धं लिंबू पिळलंस तर उत्तम, नाहीतर आवळ्याची फोड. आंबटाने लोह चांगलं शोषलं जातं. गोळी चावू नकोस, अख्खी गिळ. आधी-नंतर तासभर चहा नाही. कॅल्शियम दुपारच्या जेवणात एक आणि रात्रीच्या जेवणात एक. लोह आणि कॅल्शियममध्ये किमान दोन तासांचं अंतर. दुसरी लाल गोळी रात्री झोपताना, जेवून दोन तास झाल्यावर. आठला जेवलीस तर दहाला. झोपेत मळमळ कळत नाही, हा रात्रीचा फायदा.

एवढं करूनही मळमळलं तर जेवणानंतर लगेच घे, फक्त त्या जेवणातलं कॅल्शियम मग दुसऱ्या वेळेला सरकव. भरल्या पोटी लोह थोडं कमी शोषलं जातं, हे खरं. पण पोटात गेलेली गोळी डब्यामागच्या गोळीपेक्षा केव्हाही जास्त काम करते. ॲसिडिटीच्या गोळ्या आपल्या मनाने चालू करू नकोस, त्यांनीही लोह कमी शोषलं जातं. आणि खासगी डॉक्टरांनी लोहाचं सिरप किंवा वेगळी गोळी दिली असेल तर ती आणि ही अशा दोन्ही चालू ठेवायच्या नाहीत. दोन्ही पट्ट्या एकाच कोणालातरी दाखवायच्या.

पोटासाठी पहिलं औषध पाणी. सांगोल्याकडच्या उन्हात तू शेतावर किंवा चुलीपुढे असशील तर दिवसाला दहा-बारा पेले लागतील. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय, हा घरचा काटा. उठल्याबरोबर एक मोठा पेला कोमट पाणी, आणि नाश्त्यानंतर दहा मिनिटं जाऊन बसायचं, आली नाही तरी. पोटात अन्न पडलं की आतडं आपोआप हलतं, ती वेळ साधायची. घाई आली की दाबून धरायची नाही. मला माहीत आहे, एकत्र घरात सकाळी नंबर लावावा लागतो. त्याबद्दल मात्र सासूबाईंशी मोकळं बोल, गरोदर बाईला पहिला नंबर मिळायला काही हरकत नसते.

जेवणात तुमच्याकडे ज्वारीची भाकरी असतेच, ती सोडू नकोस. गरोदरपणात बऱ्याच जणी भाकरी नको म्हणून चहा-टोस्ट, खारी, बिस्किटावर दिवस काढतात, आणि मैद्यात चोथा फारसा नसतो. भाकरीसोबत मटकीची किंवा मुगाची उसळ, मेथी, शेवग्याचा पाला, काकडी. एखादा पेरू बियांसकट. रात्री भिजवलेल्या दहा-बारा मनुका सकाळी पाण्यासकट. हे सगळं करायला पैसे फारसे लागत नाहीत, पण चार-पाच दिवस लागतात. एका दिवसात पोट मोकळं होईल अशी अपेक्षा धरू नकोस.

तेवढ्याने भागलं नाही तर इसबगोल. संध्याकाळी सहाच्या सुमारास दोन चहाचे चमचे भरून, एक मोठा पेला पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, ढवळून ठेवलं तर त्याची खळ होते. वर आणखी एक पेला पाणी. पाणी कमी घेतलंस तर इसबगोलच आत गोळा होऊन बसेल आणि तक्रार वाढेल. लाल गोळीच्या वेळेपासून दोन तास लांब ठेव. इसबगोल रक्तात जात नाही, त्यामुळे गरोदरपणात चालतं. त्यानेही झालं नाही तर डॉक्टर लॅक्ट्युलोजचं औषध देतात, तेही चालतं. पण एरंडेल नको. सोनामुखी घातलेलं चूर्ण तर वाण्याकडे किती सहज मिळतं! तेही विचारल्याशिवाय नको. ही जोराने ढवळणारी औषधं आहेत, आणि एरंडेलाने कळा उठू शकतात. चार दिवस शौच नाही, पोट फुगलंय, वारा सरत नाही, उलट्या होतायत, असं झालं तर घरगुती काही करत बसू नकोस, दवाखाना गाठ.

आता तो भाग, ज्यासाठी मी हे पत्र निवडलं. बुधवार.

समज, तू काहीच बोलली नाहीस. सिस्टरांच्या डोक्यात हिशोब असा आहे: ३० दिवस, रोज दोन, ६० गोळ्या पोटात. गोळ्या नीट गेल्या तर महिन्याभरात रक्त निदान १ ग्रॅमने वाढायला हवं, म्हणजे १०.४ चं ११.४ च्या आसपास. तुझं भरेल १०.४, कदाचित १०.२ सुद्धा, कारण या महिन्यांत अंगातलं रक्ताचं पाणी वाढतं आणि आकडा थोडा खाली येतो. सिस्टर बघतील: ६० गोळ्या घेऊन वाढ शून्य. मग त्या बरोबर तेच करतील जे त्यांना शिकवलंय, तुला पुढच्या दवाखान्यात पाठवतील. तिथे गोळ्या लागू पडत नाहीत असं धरून कारण शोधतील, सिकलसेल आहे का, थॅलेसेमिया आहे का, आत कुठे रक्त जातंय का. लोहाचं इंजेक्शन शिरेतून द्यायचं ठरेल. यातल्या कोणाची चूक नसेल. ते सगळे एका खोट्या आकड्यावर खरा उपचार करत असतील.

माझ्याकडे एक बाई होती. दर महिन्याला रिकाम्या पट्ट्या आणून दाखवायची, इतकी नेमाने की मी तिचं उदाहरण इतरांना द्यायचे. रक्त मात्र हलेना. शेवटी मीच तिला चिठ्ठी देऊन वर पाठवलं. सुई लावायच्या वेळेला तिला रडू फुटलं आणि तिने सांगितलं, गोळ्या ती रोज एकेक काढून उकिरड्यावर टाकायची, पट्टी तेवढी जपून ठेवायची. पोट साफ होत नव्हतं, तुझ्यासारखंच. मी तिला तीन महिन्यांत एकदाही ‘पोट कसं आहे’ विचारलं नव्हतं, ‘गोळ्या संपल्या का’ एवढंच विचारलं होतं. तेव्हापासून प्रश्न बदलला. ‘गेल्या सात दिवसांत किती गोळ्या राहिल्या?’ असं विचारायला लागले. राहिल्याच असतील असं गृहीत धरून विचारलं की बाई खरा आकडा सांगते.

तुझ्या सिस्टरांनी असं विचारलं नाही तरी तू सांग. ‘१८ घेतल्या, ४२ राहिल्या, पोट कडक झालं म्हणून थांबवल्या.’ हे एक वाक्य पुरे. मग १०.४ तसंच राहिलं तरी त्या चकित होणार नाहीत. तो आकडा आजपासूनची सुरुवात धरतील आणि बरोबर महिन्याने पुन्हा बघतील. चौथ्या महिन्यानंतर एकदा द्यायची जंताची गोळी मिळाली का तेही त्या बघतील, तुझ्या पत्रात तिचा उल्लेख नाही. रागावतील कदाचित दोन मिनिटं. आशाताईही जरा नाराज होतील. ते सोस.

आणि गोळ्या बुधवारपर्यंत थांबवून ठेवू नकोस. आजपासून रात्रीची एक चालू कर, पाण्याचं, भाकरी-उसळीचं आणि इसबगोलचंही आजच. पोट त्या एका गोळीला कसं वागतं ते चार-पाच दिवसांत कळेल. सकाळची दुसरी कधी जोडायची ते बुधवारी सिस्टरांशी बोलून ठरवा. वर सांगितलेल्या वेळा पाळूनही एवढ्या गोळ्या तुला झेपल्याच नाहीत, तर डॉक्टर दुसऱ्या प्रकारच्या लोहाची गोळी देऊ शकतात. पण ते तेव्हाच ठरवता येतं, जेव्हा नीट घेऊन झेपल्या नाहीत हे खरं असतं. चालताना-बोलताना धाप, बसल्या जागी धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, असं काही आताच होत असेल तर मात्र बुधवारच्या आधी जा.

मागे राहिलेल्या तीन आठवड्यांची चुटपुट लागली असेल तर एवढं लक्षात घे, की या गोळ्या बाळंतपणाबरोबर संपत नाहीत. बाळ झाल्यावरही आईला रोज एक, १८० दिवस असते. म्हणजे अजून पुष्कळ दिवस आहेत.

बुधवारी अंगणवाडीत जाताना कार्डाबरोबर उरलेल्या पट्ट्याही पिशवीत टाक. शुक्रवारी रात्रीपासून धरलंस तर मंगळवारपर्यंत पाच गेलेल्या असतील, ३७ उरतील. सिस्टरांना हातात देऊन मोजायला सांग.